पोस्ट-ऑडिटमध्ये आधी चुकलेली ओळ शोधा, डिस्काउंट रेटला हात लावू नका

प्रश्न: आमच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा एनपीव्ही जवळपास नेहमीच अंदाजापेक्षा कमी निघतो. पोस्ट-ऑडिट सुरू करतोय. पुढच्या प्रस्तावांना १० ऐवजी सरसकट १५ टक्के डिस्काउंट रेट लावला तर काम भागेल का?

नाही भागणार. रेट वाढवला की सगळ्यात मोठी कात्री शेवटच्या वर्षांना लागते. अंदाज मात्र बऱ्याचदा सुरुवातीच्या वर्षांत चुकलेले असतात.

समजा मंजुरीच्या वेळी गुंतवणूक १०००, पुढची पाच वर्षं दरवर्षी ३०० जमा आणि रेट १० टक्के धरला होता. एनपीव्ही येतो १३७. तिसरं वर्ष संपल्यावर ऑडिट केलं तर दिसतं, की गुंतवणूक १०८० झाली. जमा पहिल्या वर्षी १५०, दुसऱ्या वर्षी २४० आणि तिसऱ्या वर्षी ठरल्याप्रमाणे ३०० आली. आता मंजूर झालेल्या मूळ शीटमध्ये एका वेळी एकच ओळ बदला. नुसती गुंतवणूक बदलली की १३७ चे ५७ होतात. मग पहिल्या दोन वर्षांची जमा बदलली की आणखी १८६ जातात आणि आकडा उणे १२९ वर येतो. तिसऱ्या वर्षाची ओळ बदलून काहीच हलत नाही. म्हणजे मागणी आणि मार्जिनचा अंदाज बरोबर होता. तिथवर पोचायला किती वेळ लागेल, तो अंदाज चुकला.

याच प्रकल्पाला १५ टक्के लावून बघा. एनपीव्ही ६ येतो, म्हणजे प्रस्ताव तरीही पास! पहिल्या वर्षाच्या जमेचं आजचं मूल्य जेमतेम ४ टक्क्यांनी उतरतं, प्रत्यक्षात तिथे निम्मी घट होती. पाचव्या वर्षाचं मात्र २० टक्क्यांनी उतरतं, आणि तिथे चूक असल्याचा काहीच पुरावा नाही. याचा दुसरा तोटा असा, की ज्यांचा फायदा उशिरा येतो असे चांगले प्रकल्प विनाकारण नापास होतात. रेट जोखमीसाठी असतो, अंदाजातली चूक भरून काढण्यासाठी नाही.

शीटबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मंजुरीच्या दिवशीची फाइल लॉक करून ठेवा. मधे ‘रिव्हाइज्ड बजेट’ आलं की लोक त्याच्याशी तुलना करतात आणि चूक कागदावरून गायब होते. शक्य असेल तर प्रस्तावाचा पहिला मसुदाही जपा. मसुद्यापासून मंजुरीपर्यंत एनपीव्ही वाढतच गेला असेल, तर आकडे कोणत्या टप्प्यावर फुगले ते तिथेच कळतं. विक्रीचं प्रमाण आणि किंमत यांसारख्या ओळी एकमेकींनी गुणल्या जातात, तिथे आधी कोणती बदलली यावर फरकाची वाटणी बदलते. म्हणून ओळी बदलण्याचा क्रम सगळ्या प्रकल्पांना एकच ठेवा.

प्रत्यक्ष जमा काढणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. हिशेबाच्या वह्यांमध्ये पैसे प्रकल्पाच्या नावाने वेगळे पडत नाहीत. नव्या उत्पादनाची विक्री १०० दिसते, पण त्यातले ३० जुन्याच उत्पादनाकडून वळलेले ग्राहक असतील तर प्रकल्पाची वाढीव विक्री ७०. प्रकल्प केलाच नसता तर किती विक्री झाली असती, हा आकडा प्रस्तावातच लिहून घ्या. नंतर तो सोयीप्रमाणे ठरवला जातो.

एका प्रकल्पावरून निष्कर्ष काढू नका; ते नुसतं दुर्दैवही असू शकतं. दुर्दैव असेल तर चुका दोन्ही बाजूंना पडतात, अतिआशावाद असेल तर एकाच बाजूला. १२ प्रकल्पांपैकी १० किंवा जास्त प्रकल्पांत पहिल्या वर्षाची जमा अंदाजापेक्षा कमी निघाली, तर हे निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. मात्र ते सगळे एकाच मंदीत सुरू झालेले असतील तर हा हिशेब लागू होत नाही, कारण मग ते १२ स्वतंत्र पुरावे राहत नाहीत.

चूक एकतर्फी दिसली की त्या ओळीसाठी प्रत्यक्ष भागिले अंदाज हे गुणोत्तर प्रत्येक प्रकल्पाचं काढा आणि मधलं, म्हणजे मीडियन घ्या. सरासरी घेतली तर एखादा फसलेला प्रकल्प ती खाली ओढतो. समजा पहिल्या वर्षाच्या जमेचं मीडियन ०.६ आणि दुसऱ्याचं ०.८५ आलं, तर नव्या प्रस्तावात त्या दोन वर्षांनाच ते लावा, बाकी ओळींना हात लावू नका. हे काम प्रस्ताव मांडणाऱ्याने नाही, फायनान्सने करावं. दरवर्षी गुणोत्तर नव्याने काढा, कारण ०.६ ने कापलं जाणार हे कळलं की काही जण आकडा आधीच फुगवून आणतात. मूळ अंदाजाशी तुलना करत राहिलात तर ०.६ चं ०.५ होताना दिसेल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. तुम्ही ऑडिट करता ते मंजूर झालेलेच प्रकल्प. अंदाज अगदी तटस्थ असले तरी ज्यांचा आकडा चुकून जास्त आला तेच जास्त निवडले जातात, त्यामुळे थोडी निराशा निवडीतूनच येते. म्हणून हेच गुणोत्तर आलेल्या प्रत्येक प्रस्तावाला लावलं, तर काठावरच्या काही चांगल्या प्रस्तावांवर जरा जास्तच कात्री चालते. एनपीव्ही शून्याच्या आसपास असलेल्या प्रस्तावांचं गणित गुणोत्तर लावून आणि न लावता, असं दोन्ही प्रकारे समितीसमोर ठेवा.