टीएलडी बॅज अ‍ॅप्रनच्या आत की वर?

प्रश्न: अमळनेरला एक्स-रे खोलीत नवीन लागलोय. बॅज अ‍ॅप्रनवर लावायचा की आत? आणि अ‍ॅप्रन असताना लांब उभं राहायलाच हवं का?

उत्तर: आत, छातीपाशी. बॅजने तुमच्या शरीराला मिळालेला डोस मोजायचा असतो. वर लावला तर आकडा फुगून येतो. ड्यूटी संपल्यावर अ‍ॅप्रनसकट खोलीतच टांगून गेलात, तर तुम्ही घरी असताना झालेले एक्स-रेही तुमच्या नावावर चढतात. म्हणून तो कंट्रोल बॅजसोबत, म्हणजे कोणीच न लावता तुलनेसाठी ठेवलेल्या बॅजसोबत, किरणांपासून दूरच्या खोलीत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नकोच, उष्णतेने नोंद बिघडू शकते.

लांब उभं राहायलाच हवं. अ‍ॅप्रन धड झाकतो. डोळे आणि हात उघडेच राहतात. शिवाय पाव मिलिमीटर शिशाइतका अ‍ॅप्रन रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांसाठी असतो, थेट झोतासाठी नाही. वॉर्डात पोर्टेबल मशीनवर छातीचा एक्स-रे काढताना बटणाची वायर पूर्ण ताणून निदान दोन मीटर मागे सरका. एका मीटरवर जेवढे किरण पोहोचतात, त्याच्या साधारण चौथा हिस्साच दोन मीटरवर पोहोचतो. एक्स-रे खोलीत मात्र शिशाच्या आडोशामागूनच बटण दाबायचं.

लहान मूल हलत असेल तर ते तुम्ही धरू नका, रोज धरावं लागेल. नातेवाईकाला अ‍ॅप्रन घालून धरायला सांगा, गरोदर बाईला नको. आणि अ‍ॅप्रन घडी घालून ठेवू नका, आतल्या शिशाला चिरा पडतात. बाहेरून त्या दिसतही नाहीत.