बेंडिंग इक्वेशनचे सहा गुण

प्रश्न: मी ऐरोलीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा गुणांचे डेरिव्हेशन मध्येच अडले, तरी गुण मिळावेत असे उत्तर कसे लिहावे?

उत्तर: बेंडिंग इक्वेशन घ्या. परीक्षक सहसा टप्प्याटप्प्याने गुण देतात, म्हणून प्रत्येक टप्पा स्वतंत्र ओळीवर दिसला पाहिजे. गृहीतके थोडक्यात लिहून वाकलेल्या बीमची आकृती काढा आणि तीत न्यूट्रल अ‍ॅक्सिस, R, θ व y दाखवा. आकृतीत नसलेले चिन्ह पुढे आले की परीक्षकाला दुवा लागत नाही.

त्यानंतर y अंतरावरील थराचा स्ट्रेन मांडा:

[(R + y)θ − Rθ] / Rθ = y/R

यावरून σ/y = E/R मिळते, आणि ती ओळ चौकटीत ठेवा, कारण उत्तराचा दुसरा भाग तिच्यापासूनच सुरू होतो. स्ट्रेन जमला नाही, तर तिथे चार ओळी कोऱ्या सोडून चौकटीतले σ/y = E/R हे सूत्र लिहा आणि पुढे जा:

M = ∫σy dA = (E/R)∫y² dA = EI/R

∫y² dA म्हणजे I, हे शब्दांत लिहा. माझ्या मते विद्यार्थी सर्वाधिक वेळा हीच ओळ गाळतात. शेवटचे सूत्र पाठ असल्यामुळे मधले चिन्ह ओढूनताणून जुळवू नका, कारण तपासताना ते लगेच लक्षात येते.