पत्र मुलीला लिहू द्या, आणि मामांचे पैसे आधी परत करा

«मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे. तीन वर्षं एका सल्लागार कंपनीत पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं डिझाइन आणि नकाशांचं काम करते. कॅनडात एका वर्षाच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कोर्सला प्रवेश मिळाला, पण स्टडी परमिट नाकारलं. शिक्षण संपल्यावर ती परत जाईल याची खात्री वाटत नाही आणि पैशांची व्यवस्था पुरेशी दिसत नाही, अशी कारणं दिली आहेत. कव्हर लेटर एजंटच्या नमुन्यावरून मीच लिहिलं होतं. तिला जीआयएस शिकायचं होतं, पण मॅनेजमेंटला तिकडे जास्त वाव आहे असं एजंट म्हणाले. पुढे तिने तिथेच स्थायिक व्हावं अशी आमची इच्छा आहे, अर्थात ते पत्रात लिहिलं नाही. खात्यात तिच्या मामांनी भरलेली रक्कम व्हिसा झाला की परत करायची आहे. आता पत्र दमदार कसं लिहावं? – एक वडील»

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "तिला जीआयएस शिकायचं होतं." एवढ्या मोठ्या खटाटोपात मुलीचा आवाज तेवढ्याच चार शब्दांत ऐकू येतो, आणि तोही 'होतं' असा भूतकाळात. नकाराचं मूळ मला तिथे दिसतं. कोर्स एजंटने निवडला, पत्र तुम्ही लिहिलं, पुढचं आयुष्य कुठे काढायचं हेही घरानेच ठरवलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तीन वर्षं नोकरी केलेली इंजिनिअर या सगळ्यात फक्त सही करते आहे. पत्राची भाषा कितीही सुधारली तरी हे झाकलं जाणार नाही. "हाच कोर्स का?" या प्रश्नाला पत्रात उत्तर नाही, कारण ते तुमच्याकडेच नाही. तिच्याकडे आहे, पण वेगळ्या कोर्सचं.

म्हणून माझा पहिला सल्ला पत्राबद्दलचा नाही. तिच्याशी बोला, आणि बोलताना एजंटची मतं बाजूला ठेवा. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. जुन्या शहराच्या जलवाहिन्या कागदी नकाशावर एकीकडे आणि जमिनीखाली दुसरीकडे असतात. व्हॉल्व्ह कुठे आहे हे एखाद्या जुन्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक असतं. पाइपचं वय, व्यास, गळतीच्या तक्रारी आणि दाब हे सगळं एका नकाशावर आलं की कोणता पाइप आधी बदलायचा हे ठरवता येतं. जी मुलगी तीन वर्षं हेच काम करते आहे, तिने पुढचं शिक्षण त्यातच घ्यावं यापेक्षा सरळ कारण व्हिसा अधिकाऱ्यापुढे दुसरं कोणतं ठेवणार? कॅनडातल्या अनेक कॉलेजांत पदवीनंतरचे जीआयएसचे सर्टिफिकेट कोर्स आहेत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट वाईट नाही. पण तिचा अनुभव आणि तो कोर्स यांच्यात जो सांधा हवा, तो तुम्हाला शोधून आणावा लागतो आहे. एवढं साधं अंतर फाइल वाचणाऱ्यालाही दिसतं.

तिला खरोखर मॅनेजमेंटच करायचं असेल तर तेही चालेल, फक्त कारण तिचं हवं. जीआयएसच करायचं असेल तर नव्या कोर्सचं प्रवेशपत्र घ्या, कॉलेज बदललं तर अटेस्टेशन लेटर, म्हणजे तिथल्या प्रांत सरकारचं दुजोरा देणारं पत्र, तेही नवं लागेल. एक प्रवेशसत्र जाईल, जाऊ द्या.

आता 'परत येणार' याबद्दल. इथे बहुतेक पालकांचा एक ठाम गैरसमज असतो, की तिथे राहण्याची इच्छा मनात असणं हाच गुन्हा, म्हणून ती लपवायची आणि वर मायदेशाच्या सेवेच्या शपथा घालायच्या. कायदा तसं म्हणत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 22(2) सांगतं की पुढे कायमचं वास्तव्य मिळवण्याचा हेतू असला, तरी तेवढ्यावरून तात्पुरता प्रवेश नाकारला जात नाही. अट एवढीच, की परवानगीची मुदत संपेल तेव्हा ती व्यक्ती देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे प्रश्न असा आहे: पुढचा कोणताही परवाना मिळाला नाही, तर हिच्याकडे परतण्यासारखं काही आहे का? त्याचं उत्तर शपथेने देता येत नाही. "माझे आईवडील इथे आहेत" हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे एकटं ते फारसं वजन पेलत नाही. "मी कधीच तिथे राहणार नाही" असं तर मुळीच लिहू नका. ते खरं नसेल तर ती खोटी माहिती ठरते, आणि खरं असलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय विचारात घेतला जातो तो तिचा हेतू, तुमचा नाही. तिला काय हवंय, हे तुमच्या पत्रातून मला कळलेलं नाही.

वजन कशाला असतं? तिच्या कंपनीने लेटरहेडवर लिहून दिलं की कोर्सनंतर अमुक पदासाठी तिचा विचार होईल, तर त्याला. तसं पत्र मिळणार नसेल, तर या कामाच्या सध्याच्या दोन-तीन जाहिराती जोडा. त्यांत मागितलेली कौशल्यं आणि कोर्समधले विषय जुळतात हे दाखवा. कर्ज तिच्या नावावर असेल तर त्याचे हप्ते ती कोणत्या पगारातून फेडणार, हेही लिहिता येतं. तुमचं घर तुमच्या नावावर आहे, ते तिची मालमत्ता म्हणून दाखवू नका.

पैशांबद्दल मी कडक बोलणार आहे. मामांची रक्कम परत करायची आहे, म्हणजे ती शिक्षणासाठी उपलब्ध नाही. तरीही ती खात्यात दाखवणं ही दिशाभूल आहे. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर कायद्याच्या कलम 40 नुसार 5 वर्षं प्रवेशबंदी होते, आणि ती तुमच्यावर किंवा मामांवर येत नाही, मुलीवर येते. अधिकाऱ्याला हे समजणं अवघडही नसतं. बँकेच्या उताऱ्यात महिनोन्महिने ठरावीक शिल्लक आणि अर्जाच्या तोंडावर एकच मोठी जमा, हे पाहिलं की पहिला प्रश्न पैसा कुठून आला हाच पडतो. मामा खरोखर मदत करणार असतील तर ती परत न घेण्याची भेट आहे असं त्यांचं सही केलेलं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. नसेल तर आजच रक्कम परत करा.

हिशेब कसा मांडायचा ते उदाहरणाने दाखवते. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, फक्त राहण्याच्या खर्चाचा आकडा नियमातला आहे: क्वेबेकबाहेर एकट्या विद्यार्थ्यासाठी 1 सप्टेंबर 2025 पासून वर्षाला 22,895 कॅनेडियन डॉलर. अर्ज करताना तो पुन्हा तपासा, कारण त्याआधी तो 20,635 होता. समजा पहिल्या वर्षाची फी 18,400 आणि प्रवासखर्च 2,000. एकूण गरज 43,295 डॉलर. समोर स्रोत: भरलेली फी 9,200, पावतीसह. मंजूर शैक्षणिक कर्ज 20,000, बँकेच्या मंजुरीपत्रासह. वडिलांची मुदत ठेव 11,500, पावती आणि संमतीपत्रासह. मुलीची स्वतःची बचत 4,500, पगार जमा होणाऱ्या खात्याच्या उताऱ्यासह. बेरीज 45,200. गरजेपेक्षा 1,905 जास्त, आणि प्रत्येक रकमेमागे एक कागद. तिथे पार्टटाइम काम करून मिळणारे पैसे यात धरू नका. तिथे काम न करता खर्च भागतो, हेच दाखवायचं असतं.

पत्र दीड-दोन पानांपेक्षा मोठं नको. अधिकाऱ्याकडे एका फाइलसाठी वेळ थोडा असतो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात कोण, कोणता कोर्स, किती काळ आणि त्यानंतर काय, हे यावं. एजंटच्या नमुन्यातली वाक्यं साधारण अशी असतात: "आपल्या महान देशातील जागतिक दर्जाचं शिक्षण घेऊन करिअर घडवण्याचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. शिक्षण पूर्ण होताच मी माझ्या प्रिय मायदेशी नक्की परतेन." हे पत्र कोणीही कोणत्याही कोर्ससाठी देऊ शकतं. त्याऐवजी तुमच्या मुलीने साधारण असं लिहावं, तपशील अर्थातच तिचे:

"मी सिव्हिल इंजिनिअर असून तीन वर्षं पाणीपुरवठ्याच्या डिझाइनचं काम करते. जुन्या जलवाहिन्यांचे नकाशे प्रत्यक्षाशी जुळत नसल्याने आमच्या आराखड्यांत वारंवार दुरुस्त्या कराव्या लागतात. हे काम सध्या मी स्प्रेडशीट आणि ऑटोकॅडवर करते. या कोर्समधले भू-स्थानिक डेटाबेस आणि नेटवर्क विश्लेषण हे दोन विषय नेमके याच कामाचे आहेत आणि ते मी कुठे शिकलेले नाही. कोर्स एका वर्षाचा आहे. त्यानंतर मी जीआयएस इंजिनिअर या पदावर काम करणार आहे. माझ्या सध्याच्या कंपनीचं त्याबाबतचं पत्र जोडपत्र 4 मध्ये आहे."

यात एकही पोकळ विशेषण नाही, आणि शेवटच्या वाक्यामागे कागद आहे. असं पत्र बाहेरच्या माणसाला लिहिता येत नाही. "हे दोन विषयच का?" असं विचारलं तर तिला दहा मिनिटं बोलता यायला हवं. आधी तिला मराठीत, तिच्या शब्दांत एक पान लिहू द्या. मग त्याचं इंग्रजी करा, तेही तिनेच. तुम्ही फक्त आकडे आणि तारखा तपासा. पत्रात 'जून' आणि नोकरीच्या दाखल्यात 'ऑगस्ट' अशी चूक सगळ्या पत्रावरचा विश्वास घालवते.

आधीचा नकार लपवता येत नाही, फॉर्ममध्ये तो विचारलेला असतो. पत्राच्या शेवटी त्यावर तीन-चार वाक्यांचा परिच्छेद हवा: नकार कधी आला, कारणं काय दिली होती, आणि या वेळी काय बदललं. नकारपत्रासोबत अधिकाऱ्याची टिपणी आली असेल तर ती आधी नीट वाचा आणि तिच्यातल्या शब्दांनाच उत्तर द्या. कोर्स बदलला असेल तर स्पष्ट लिहा, की पहिला कोर्स सल्ल्यावरून घेतला होता आणि हा माझ्या कामाशी जुळतो. मामांची रक्कम आधीच्या उताऱ्यात दिसली आहे, नव्या उताऱ्यातून ती गेलेली दिसेल. म्हणून तिच्याबद्दलही एक वाक्य लिहा, की ती नातेवाइकांची होती, परत केली आहे आणि या हिशेबात धरलेली नाही. परत केल्याची बँकेतली नोंद सोबत जोडा.