नेहमीची मळमळ की हायपरएमेसिस?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे. रोज आठ-दहा उलट्या होतात, पाणीही टिकत नाही. वजन 52 किलोवरून 49 झाले. सासरचे म्हणतात, पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांनाच होते. थांबावे का?

उत्तर: थांबू नका, तिला आजच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी असा उशीर झालेला पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नेहमीच्या मळमळीतही बाई हैराण होते, पण दोन उलट्यांच्या मधल्या वेळात घोटभर ताक किंवा थोडा मऊ भात तिच्या पोटात राहतो. त्यामुळे वजन फारसे घटत नाही आणि लघवीही नीट होत राहते. हायपरएमेसिसमध्ये, म्हणजे गरोदरपणातील अतितीव्र उलट्यांच्या आजारात, असा मधला वेळच उरत नाही. गरोदरपणाआधीच्या वजनात 5 टक्क्यांहून अधिक घट ही त्याची मोठी खूण मानतात. 52 किलोचे 5 टक्के म्हणजे 2.6 किलो, आणि तुमच्या बहिणीचे 3 किलो उतरले आहे. लघवी कमी व गडद होणे, उभे राहताच भोवळ येणे, ही शरीरातील पाणी आटल्याची लक्षणे आहेत. उपासमारीत शरीरात तयार होणारे कीटोन लघवीत सापडले नाहीत, तरी तेवढ्यावरून सारे ठीक आहे असे समजू नये.

डॉक्टर रक्तातील सोडियम व पोटॅशियम तपासतील आणि जुळे किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे वारेची द्राक्षांच्या घडासारखी विकृत वाढ, नाही ना, हे सोनोग्राफीत पाहतील.

आता सलाईनविषयी, कारण घराजवळच्या दवाखान्यात घाईने ग्लुकोजची बाटली लावली जाण्याची शक्यता असते. थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, शरीरात काही आठवडे पुरेल इतकेच साठलेले असते आणि सतत उलट्या होणाऱ्या बाईचा तो साठा संपत आलेला असतो. ग्लुकोजच्या पचनासाठी थायमिन खर्ची पडते. म्हणून ते न देता ग्लुकोज चढवले, तर उरलेलाही साठा संपून मेंदूला इजा होऊ शकते. तिला वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. गोंधळल्यासारखे बोलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे आहेत, आणि दुर्दैवाने ती अशक्तपणाच्या नावावर खपवली जातात. यासाठी आधी नॉर्मल सलाईन, म्हणजे ग्लुकोज नसलेले मिठाचे पाणी, तपासणीनुसार त्यात पोटॅशियम, आणि ग्लुकोज द्यायचेच असेल तर त्याआधी थायमिन, हा क्रम पाळतात. “थायमिन दिले का?” असे तुम्ही निःसंकोच विचारा.

उलट्यांसाठी बहुधा डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिनची गोळी आधी देतात. तीही टिकत नसेल, तर शिरेतून द्यायची औषधे आहेत.

सासरच्यांना एवढे जरूर सांगा की हे नखरे नाहीत. गर्भ व वार यांतून येणाऱ्या जीडीएफ15 या संप्रेरकाशी या आजाराचा संबंध असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. ज्या स्त्रीच्या रक्तात ते आधीपासून कमी असते, तिला त्याची अचानक झालेली वाढ अधिक बाधते.

एका सलाईनने तरतरी आली म्हणून लगेच घरी आणू नका. तोंडाने घेतलेले पाणी आणि गोळी टिकते आहे, हे आधी पाहा, आणि घरी आल्यावर दर दोन-तीन दिवसांनी त्याच काट्यावर वजन करून डॉक्टरांना कळवत राहा.