अप्रेझलला बोलावण्याचा निरोप कसा द्यावा?

प्रश्न: बेळगावात एका मशीन शॉपमध्ये नवीनच मॅनेजर झालोय. हाताखालच्या माणसाला अप्रेझलसाठी बोलवायचंय. तो घाबरू नये, तयारी करून यावा, म्हणून कधी आणि कसं सांगू?

उत्तर: आठवडाभर आधी, त्याच्या मशीनजवळ जाऊन, तोंडी सांगा. मग त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. लेखी निरोप एकटाच गेला तर माणूस त्यातला एकेक शब्द उलटसुलट करून बघत बसतो.

हे मी चूक करून शिकलो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात असताना एका सीएनसी ऑपरेटरला शनिवारी संध्याकाळी मेसेज टाकला होता : 'सोमवारी ११ वाजता केबिनला या, बोलायचं आहे.' मला तो साधा निरोप वाटला होता. त्याचा रविवार खानापूर तालुक्यातल्या गावी, घरच्यांशी 'नोकरी जाणार' हेच बोलण्यात गेला. सोमवारी तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि प्रत्येक वाक्याला 'होय सर' म्हणाला. पाऊण तास मी बोललो, त्यातलं काही त्याच्या कानात शिरलं नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी असा निरोप देऊ नये, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी त्याच माणसाला मंगळवारी चहाच्या सुट्टीत सांगितलं आणि मग हा मेसेज पाठवला :

'पुढच्या बुधवारी दुपारी ३.१५ ला, तुमची शिफ्ट सुटल्यावर, वर्षाच्या कामाचं बोलायला बसू. पाऊण तास लागेल, तो ओव्हरटाइममध्ये धरतो. वेळ जमत नसेल तर गुरुवारी बसू. आपण दोघंच असू. एप्रिल ते मार्चचं काम बघायचंय. पंप बॉडीच्या रिजेक्शनवर जरा जास्त बोलू. पगारवाढ त्या दिवशी ठरत नाही, तिचं पत्र वेगळं येतं. काय चांगलं झालं, कुठं अडलं, काय पाहिजे, हे तीन मुद्दे लिहून आणा. मराठीत, कन्नडमध्ये, कसंही चालेल. सगळ्यांचंच अप्रेझल आहे, तारखा बोर्डावर लावल्यात.'

यातली तीन वाक्यं कधी गाळू नका. पहिलं, खोलीत कोण असणार. आत गेल्यावर एचआरचा माणूस बसलेला दिसला की निम्मं बोलणं तिथंच संपतं, म्हणून तो असणार असेल तर तेही आधी सांगा. दुसरं, अवघड विषय कोणता. 'सहज गप्पा मारू' म्हणून बोलावलं आणि रिजेक्शनचा कागद पुढं सरकवला, तर पुढच्या वर्षीच्या निरोपावर कोण विश्वास ठेवणार? अर्थात, ही तक्रार त्याने वर्षभरात एकदा तरी तुमच्या तोंडून ऐकलेली हवी. अप्रेझलला ती पहिल्यांदा काढायची नाही. तिसरं, सगळ्यांच्या तारखा. एकट्याला बोलावलं की शॉपमध्ये कुजबुज होते; बोर्डावर सगळ्यांची नावं दिसली की होत नाही.

मेसेजबरोबर त्याच्या रिजेक्शन रजिस्टरची झेरॉक्स दिली. आकडे तुमच्याकडेच राहिले तर तो तयारी कशाच्या जोरावर करणार? अप्रेझलचे फॉर्म बहुतेक इंग्रजीत असतात, तेव्हा त्याच्या शेजारी बसून फॉर्म वाचून दाखवा. नाहीतर फॉर्म भाच्याकडून भरून येतो आणि त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं.

शिफ्टही बघा. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी ११ ला बोलावणं म्हणजे त्याची झोप मोडणं. बैठक पुढं ढकलावी लागली तर कारण आणि नवी तारीख एकाच वाक्यात सांगा. नुसतं 'नंतर बघू' म्हटलं की भीती परत सुरू.

एक मर्यादा आहे. गैरहजेरी किंवा मारामारीसारखं शिस्तीचं प्रकरण असेल तर त्याला अप्रेझलचं नाव देऊन बोलावू नका. ते वेगळं, त्याच्या रीतीने चालवा.

निरोप नीट पोचला का, हे त्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. 'सर, काय झालंय काय?' असं विचारलं तर पोचला नाही. परत जाऊन सांगा. त्या वर्षी ऑपरेटरने मला विचारलं, 'शिफ्टवार आकडे मिळतील काय?' दिले. बुधवारी त्याने झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीने वारांचे रकाने पाडून आणले. बोअर मापाबाहेर गेलेले बहुतेक पीस सोमवारच्या पहिल्या तासातले होते. रविवारी मशीन बंद, स्पिंडल थंड, आणि तापेपर्यंत माप सरकतं. कामाला लागण्याआधी २० मिनिटं मशीन रिकामं फिरवू द्या, एवढीच त्याची मागणी होती. ती मी त्याच बैठकीत मान्य केली.