हातउसन्या रकमेचा दावा मुदतीत आहे का? वादपत्र लिहिण्याआधीची पडताळणी

“ओळखीच्या गृहस्थांना जून 2022 मध्ये चार लाख रुपये हातउसने दिले. आता तीन वर्षे उलटली. एप्रिलमध्ये मी वकिलामार्फत नोटीस पाठवली होती आणि जुलैमध्ये त्यांनी ‘रक्कम बाकी आहे’ असे सहीनिशी लिहून दिले. नोटिशीपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात असे कोणी म्हणते, तर कोणी दावा मुदतबाह्य झाला म्हणते. दावा लावू की नको?”

हे विचारणारे पक्षकार ऑगस्ट 2025 मध्ये माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना वादपत्र लगेच लिहून हवे होते. (त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मसुद्याला हात घालण्याआधी मी एका कागदावर फक्त तारखा मांडल्या आणि प्रत्येक तारखेसमोर तिचा पुरावा कोणता, तो लेखी आहे का आणि त्यावर सही कोणाची आहे, एवढेच लिहिले. दावा मुदतीत आहे की नाही हे अशा कागदावरूनच ठरते, आणि या प्रकरणातही तसेच झाले.

पहिली तारीख 10 जून 2022. त्या दिवशी चार लाख रुपये बँकेतून वर्ग झाले होते. परतफेडीची तारीख ठरवणारा करार किंवा वचनचिठ्ठी नव्हती. मुदत अधिनियम, 1963 च्या अनुसूचीतील अनुच्छेद 19 नुसार उसन्या दिलेल्या रकमेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती रक्कम दिल्याच्या दिवसापासून धावू लागते. ‘मागेन तेव्हा द्या’ असे ठरले असेल तरी अनुच्छेद 21 प्रमाणे मोजणी रक्कम दिल्याच्या दिवसापासूनच होते, मागणी केल्याच्या दिवसापासून नव्हे. मागणीपासून मुदत धावते ती अनुच्छेद 22 खालील ठेवीच्या बाबतीत, आणि त्यामुळे काही जण उसन्या रकमेलाच वादपत्रात ‘ठेव’ म्हणतात. व्यवहाराचे खरे स्वरूप पुराव्यात उघडे पडले की ती पळवाट टिकत नाही, म्हणून ती मी कोणालाही सुचवत नाही.

कलम 12 प्रमाणे रक्कम दिल्याचा दिवस सोडून मोजल्यास शेवटचा दिवस 10 जून 2025 येतो. एप्रिलमधील नोटीस या तारखेच्या आधीची होती, पण तिने मुदत एक दिवसही वाढत नाही. नोटीस हे धनकोचे म्हणणे असते आणि स्वतःच्या म्हणण्याने स्वतःची मुदत कोणालाच वाढवता येत नाही. विलंब माफीचा अर्जही येथे उपयोगाचा नाही, कारण कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होते, दाव्यांना नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम 3 प्रमाणे न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. म्हणून ‘समोरचा गप्प बसला तर निभेल’ ही आशाही ठेवता येत नाही.

आता ज्या कागदावर त्यांची सगळी भिस्त होती, त्याकडे वळू. तो साध्या कागदावरचा, ऋणकोच्या हस्ताक्षरातील मजकूर होता. खाली सही आणि 14 जुलै 2025 ही तारीख होती. “आपली रक्कम माझ्याकडे बाकी आहे, सध्या परिस्थिती बिकट आहे,” एवढेच त्यात लिहिले होते. कलम 18 खालील कबुलीसाठी असा मजकूर पुरेसा असतो, कारण तेथे देण्याचे वचन असावे लागत नाही, देणे मान्य केलेले असले की झाले. मात्र ती कबुली मुदत संपण्यापूर्वी दिलेली असली पाहिजे, आणि ही कबुली 10 जूननंतर चौतीस दिवसांनी दिलेली होती. मुदत संपल्यानंतरच्या कागदासाठी भारतीय करार अधिनियमाच्या कलम 25(3) चा एक मार्ग उरतो, पण तेथे ऋणकोने मुदतबाह्य देणे फेडण्याचे वचन लेखी आणि सहीनिशी दिलेले असावे लागते. ‘बाकी आहे’ हे वचन नव्हे. ‘दिवाळीनंतर देईन’ असे त्याच कागदावर असते तर गोष्ट वेगळी होती. या दोन वाक्यांमधला फरक पक्षकारांना किरकोळ वाटतो, तरी अशा प्रकरणांचा निकाल त्यावर लागतो आणि म्हणून मी तो प्रत्येकाला सावकाश समजावून सांगतो.

तेव्हा मी त्यांना सरळ विचारले की, या काळात ऋणकोकडून काहीच आले नाही का? थोडे घुटमळून त्यांनी सांगितले की, 2023 च्या दिवाळीच्या सुमारास पंचवीस हजारांचा चेक आला होता आणि वटलाही होता. रक्कम मिळाल्याचे सांगितले तर आपला दावा कमकुवत होईल या भीतीने ते तोवर बोलले नव्हते. प्रत्यक्षात त्यांना तारणारी गोष्ट नेमकी तीच होती. मुदत अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे मुदत चालू असताना ऋणकोने कर्जापोटी किंवा व्याजापोटी रक्कम दिली, आणि त्या प्रदानाची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली, तर प्रदानाच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. चेकवर ऋणकोचीच सही असते. रोख दिलेल्या रकमेची केवळ धनकोच्या वहीतील नोंद येथे चालत नाही.

पासबुकात 21 नोव्हेंबर 2023 ला रक्कम जमा झाल्याची ओळ होती, पण त्या ओळीवर ऋणकोची सही नसते. म्हणून बँकेत अर्ज करून चेकच्या प्रतिमेची प्रमाणित प्रत मागवली. तिच्यावर 18 नोव्हेंबर 2023 ही तारीख आणि ऋणकोची सही स्पष्ट वाचता आली. दोनपैकी आधीची तारीख धरणे सुरक्षित असल्याने मी मोजणी 18 नोव्हेंबरपासून केली. त्यामुळे मुदत 18 नोव्हेंबर 2026 पर्यंत गेली आणि जुलै 2025 चा कागद, जो एकटा निरुपयोगी होता, आता चालू मुदतीत आला. कलम 18 खाली तो स्वतःच 14 जुलै 2028 पर्यंतची नवी मुदत देऊ लागला. अर्थात, ही साखळी चेकवर लोंबकळते. चेक दुसऱ्या व्यवहाराचा नव्हे, कर्जापोटीचाच होता हे सिद्ध झाले नाही, तर कागदही त्याच्याबरोबर गळून पडतो. म्हणून 2028 ची वाट पाहू नका, असे मी त्यांना निक्षून सांगितले.

यानंतरच वादपत्र लिहिले. मूळ मुदत संपल्यावर दाखल होणाऱ्या दाव्यात सूट कोणत्या आधारावर मागतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 6 प्रमाणे वादपत्रातच लिहावे लागते. त्यामुळे ‘दाव्यास कारण’ या परिच्छेदात नोटिशीची तारीख पुढे न करता 10 जून 2022, मग चेक, मग कबुली अशा क्रमाने तिन्ही घटना मांडल्या. मिळालेले पंचवीस हजार वजा करून मागणी 3,75,000 रुपयांची केली आणि चेकची प्रत व मूळ कागद यादीसोबत जोडले.

प्रतिवादीने आदेश 7 नियम 11(ड) खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज दिला. त्या टप्प्यावर न्यायालय वादपत्रातील कथने आणि सोबतचे कागद पाहते, प्रतिवादीचा बचाव नाही. कथनांवरून दावा उघडपणे मुदतबाह्य दिसत नाही आणि चेक कशापोटीचा होता हा पुराव्याचा विषय आहे, असे म्हणून अर्ज नामंजूर झाला. दावा आता साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर आहे, आणि चेक त्या कर्जापोटीच दिला होता हे सिद्ध करण्याचा भार वादीवर आहे.