त्या दोनशे निवडींमध्ये क्लासचा वाटा किती?

“मुलगी बी.एस्सी. झाली, यूपीएससी करायचं म्हणते. एका क्लासच्या वेबसाइटवर टॉपरचे फोटो आहेत, ‘२०२३ च्या निकालात २०० हून अधिक निवडी’ असं लिहिलंय. फी दीड लाखाच्या पुढे. एवढी सगळी मुलं खोटी कशी असतील? भरून टाकू का?”

मुलं खरीच असतात हो. बार्शीहून आलेल्या या वडिलांना मी फक्त एवढंच विचारलं, की ती मुलं त्या क्लासमध्ये शिकली काय?

२०२३ च्या नागरी सेवा परीक्षेत पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार जण बसले. मुख्य परीक्षेपर्यंत १४,६२४ पोचले, मुलाखतीपर्यंत २,८५५ आणि अंतिम यादीत आले १,०१६. म्हणजे मुलाखतीला गेलेल्यांपैकी शंभरात पस्तीस जण निवडले जाणारच होते. आता एखाद्या क्लासने त्यातल्या सहाशे जणांची मॉक इंटरव्ह्यू फुकट घेतली, तर काही न शिकवता त्याच्या खात्यात दोनशेच्या वर निवडी जमा! उमेदवारही चार-पाच ठिकाणी मॉक देतात, म्हणून एकच चेहरा अनेक वेबसाइटवर हसताना दिसतो.

आम्ही फोटो मोठे करून पाहिले. खाली बारीक अक्षरात बहुतेकांच्या नावापुढे ‘मुलाखत मार्गदर्शन’ होतं, काहींच्या पुढे ‘टेस्ट सिरीज’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमांनुसार विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून की मोफत, हे जाहिरातीत सांगावं लागतं आणि त्याची लेखी संमतीही लागते, तीसुद्धा निकालानंतर घेतलेली. ही माहिती नसेल तर तिथेच शंका घ्यावी. मात्र ती असली तरी बॅचमध्ये एकूण किती मुलं होती, हे त्यातून कळत नाही. खरी मेख तिथेच आहे.

म्हणून वडिलांनी माझ्यासमोरच फोन लावला. “या दोनशेमध्ये तुमच्या फाउंडेशन बॅचचे किती? आणि त्या बॅचला प्रवेश किती जणांनी घेतला होता?”

“सर, सगळे आपलेच विद्यार्थी आहेत. सीट थोड्याच उरल्यात, आज टोकन भरलंत तर सवलत देता येईल.”

दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर. मला तर ते पुरेसं वाटलं.

मुलीने मग दुसऱ्या एका क्लासमध्ये डेमो लेक्चर केलं आणि मुख्य परीक्षेचं एक उत्तर लिहून तपासायला दिलं. वही परत आली तेव्हा समासात नुसती बरोबरची खूण नव्हती; मुद्दा कुठे निसटला, प्रश्नातलं ‘चिकित्सा करा’ कसं दुर्लक्षित राहिलं, हे लाल शाईत लिहिलेलं होतं. निवडींचा आकडा त्या क्लासने सांगितला तो जेमतेम दोन अंकी, पण बॅचची पटसंख्या न विचारता सांगितली. तिथे प्रवेश घेतला, फी हप्त्यांनी, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील हे पावतीवर लिहून घेऊन.